गच्चीवरचा कॉक कुठला, ते काकूंना विचार

*ताई, नमस्कार. मी परभणीची. नोकरीसाठी गेल्या महिन्यात पुण्यात आले आणि कर्वेनगरला एका जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर वन बीएचके भाड्याने घेतला. घरमालकीण काकू डोंबिवलीला मुलाकडे राहतात. चावी देताना म्हणाल्या होत्या, "काही लागलं तर सांग." आता बाथरूमचा नळ ठिबकतोय. गीझर लावला की कधीकधी सगळ्या घराची लाइट जाते. स्वयंपाकघरात एक सिलिंडर आहे, तो कोणाचा आणि संपल्यावर काय करायचं ते कळत नाही. काकूंकडे भरवशाचा प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि गॅसवाल्याचा नंबर मागायचाय, पण आल्या आल्या कटकट सुरू केली असं त्यांना वाटेल म्हणून मेसेज टाइप करते आणि पुसते. ऑफिसातले म्हणतात, अ‍ॅपवरून बोलव, विचारतेस कशाला? कसं विचारू, नेमकं काय विचारू?*

*— परभणीहून आलेली*

आजच विचार, रात्रीच्या जेवणाआधी.

मी दुसऱ्या बाजूची बाई आहे. कोथरूडला माझाही एक फ्लॅट भाड्याने दिलेला असतो आणि आमच्या सोसायटीची सेक्रेटरीगिरी मी बरीच वर्षं केली आहे. पहिल्या महिन्यात चार प्रश्न विचारणारा भाडेकरू घरमालकाला कटकटीचा वाटत नाही. धडकी भरते ती वर्षभर चकार शब्द न काढणाऱ्याची आणि मग एके दिवशी खालच्या मजल्यावरून फोन येतो त्याची.

माझं झालं ते सांगते. एक मुलगा राहायला होता, अगदी सभ्य, तुझ्यासारखाच संकोची. बाथरूमचा नळ ठिबकत होता म्हणून त्याने मला न विचारता कुणीतरी दिलेल्या नंबरवरून एक प्लंबर आणला. आमची इमारत जुनी, भिंतीतले पाइप जी.आय.चे, म्हणजे लोखंडी. पंचवीस-तीस वर्षांत त्यांचे आटे आतून गंजून पापडासारखे झालेले असतात. आमच्या नेहमीच्या प्लंबरला हे पाठ आहे. तो एका पान्याने भिंतीकडचा भाग घट्ट धरून ठेवतो आणि दुसऱ्याने नळ हळूहळू फिरवतो. ह्या नव्या माणसाने एकच पाना लावला आणि जोर केला. नळ हातात आला, पण त्याच्यामागचा निपल, म्हणजे नळ आणि पाइप जोडणारा आखूड तुकडा, भिंतीच्या आत मोडून राहिला आणि भिंतीतून पाण्याची धार सुरू झाली. आता पाणी बंद करायचं कुठून? घरात त्या लाइनीला कॉक नाही. गच्चीवर टाकीखाली नऊ कॉक ओळीने, एकावरही नाव नाही. तो मुलगा रात्री साडेनऊला गच्चीवर मोबाइलच्या उजेडात एकेक कॉक फिरवत होता आणि प्रत्येक कॉकला कुठल्या ना कुठल्या बिऱ्हाडातून आरडाओरडा होत होता. बरोबर कॉक सापडेपर्यंत पाऊण तास गेला. खालच्यांच्या बेडरूमचं छत भिजलं. ते रंगवून द्यायचा खर्च माझा, कारण फ्लॅटच्या आतली गळती ज्याचा फ्लॅट त्याने निस्तरायची असंच सोसायटीचे उपविधी सांगतात.

म्हणून नुसता "प्लंबरचा नंबर द्या ना" हा प्रश्न अपुरा आहे. नंबर अ‍ॅपवरही मिळतो. ह्या इमारतीच्या पोटात कुठून काय फिरलंय हे ज्याला माहीत आहे तो माणूस तुला हवाय, आणि त्याच्यापर्यंत पोचायचा रस्ता काकूंकडून जातो. तेव्हा विचारताना असं विचार: आपल्या फ्लॅटमध्ये आधी काम कोणी केलंय, सोसायटीचा ठरलेला प्लंबर आहे का, आणि बाथरूम-किचनचं पाणी बंद करायचा कॉक कुठे आहे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर काकूंना बहुधा येणार नाही. हरकत नाही. प्लंबर आला की नळाला हात लावायच्या आधी त्यालाच म्हण, "दादा, आधी कॉक दाखवा." दाखवेल तो बंद करून खाली येऊन नळ उघडून बघ. धार थांबली तर कॉक बरोबर. त्यावर तेलरंगाने फ्लॅटचा नंबर लिहून घे. काही इमारतींत हा कॉक डक्टमध्ये किंवा संडासाच्या खिडकीबाहेर असतो, काहींत बाथरूमच्या माळ्यावर. जुन्या सोसायट्यांत बऱ्याचदा गच्चीवरून एकच लाइन उतरते आणि एकावर एक असलेल्या सगळ्या बाथरूमना पाणी देते, त्यामुळे तू कॉक बंद केलास की चार मजले कोरडे. खालीवर सांगून मगच बंद करायचं.

पाना चालवायच्या आधी पाणी कुठून बंद होतं हे जो विचारतो, त्याला ठेव. काढलेला वॉशर किंवा स्पिंडल तुझ्या हातावर ठेवून "हे बघा, हे गेलं होतं" म्हणतो, त्याचा नंबर जपून ठेव. आल्या आल्या "पूर्ण नळच बदलावा लागेल" म्हणतो, त्याला म्हण, काकूंना विचारून सांगते. ठिबकणाऱ्या जुन्या नळाचं दुखणं बहुतेक वेळा रबरी वॉशरचं असतं आणि वॉशर काही रुपयांना मिळतो. तुझा नळ ठिबकतोय हे एका अर्थी बरंच आहे, कारण नवीन माणूस पारखायला असं छोटं काम चांगलं. पाइप फुटल्यावर पारख करायला वेळ नसतो.

गीझरचं काम मात्र लांबवू नकोस. माणूस येऊन बघेपर्यंत तो बंद ठेव. चार दिवस गॅसवर पाणी तापव.

इलेक्ट्रिशियनला फोन करायच्या आधी लाइट गेली म्हणजे नेमकं काय गेलं ते बघायचं. जिन्यातला दिवा आणि समोरच्यांची लाइट चालू असेल तर बिघाड तुझ्या घरात. सगळ्या इमारतीची गेली असेल तर बाहेरचा पुरवठाच गेलेला असतो, काही मजल्यांचीच गेली असेल तर बहुधा एक फेज गेलेली असते, आणि तिथे तुझा इलेक्ट्रिशियन काही करू शकत नाही. तो फोन महावितरणला करायचा, १९१२ वर. ते ग्राहक क्रमांक विचारतात. तो बारा आकडी असतो, वीजबिलावर छापलेला असतो आणि बिल बहुतेक काकूंच्या नावावर असणार. म्हणून मेसेजमध्ये "एका जुन्या वीजबिलाचा फोटो पाठवा" हे नक्की घाल. अंधारात हा आकडा शोधत बसण्यापेक्षा आजच मागितलेला बरा. मीटर कुठे आहे, मीटरजवळ तुमच्या फ्लॅटचा वेगळा कटआउट आहे का, हे वॉचमन दाखवेल.

आता तुझ्या दाराजवळचा बोर्ड उघडून बघ. छोटे छोटे एमसीबी ओळीने असतील. त्यांच्याशेजारी एक रुंद स्विच असेल आणि त्यावर 'टेस्ट' किंवा नुसतं 'टी' लिहिलेलं छोटं बटण असेल, तर तो ईएलसीबी. आजकाल त्याला आरसीसीबी म्हणतात. दोघांचं काम वेगळं. एमसीबी पडतो तो जास्त भार आला किंवा शॉर्टसर्किट झालं म्हणून. ईएलसीबी पडतो तो करंट कुठेतरी गळतोय म्हणून, म्हणजे जो करंट तारेतून परत यायला हवा तो अंगावरून किंवा पाण्यातून जमिनीत जाऊ पाहतोय म्हणून. गीझर लावल्यावर हा रुंद स्विच पडत असेल तर पहिला संशयित गीझरची कॉइल. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असलं की कॉइलवर क्षार चढतात, तिचं वरचं आवरण चिरतं आणि करंट पाण्यात उतरतो. पडणारा एमसीबी असेल तर भाराकडे बघायचं. दोन हजार वॅटचा गीझर जवळपास नऊ अँपिअर ओढतो. तो मोठ्या, जाड पिनांच्या पॉइंटवर हवा आणि त्याची वायर वेगळी हवी. जुन्या घरात कुणीतरी इस्त्रीच्या नाहीतर मशीनच्या लाइनीवरून ती ओढून घेतलेली असते. 'कधीकधी' लाइट जाते असं तू लिहिलंयस, तेव्हा त्या वेळी घरात आणखी काय चालू असतं तेही आठवून ठेव. इलेक्ट्रिशियनला हे सांगितलंस की त्याचं अर्धं काम झालं.

बोर्डावर ईएलसीबीच नसेल तर ते काकूंना स्पष्ट कळव. गीझरच्या घरात तो हवाच आणि बसवायचा खर्च त्यांचा.

इलेक्ट्रिशियन निवडताना एक वाक्य लक्षात ठेव. "हे सारखं ट्रिप होतंय ना, मग हे काढूनच टाकतो, डायरेक्ट करतो." हे म्हणणाऱ्याला चहाही न देता वाटेला लाव. लाइट जायची थांबेल, पण अंगावर करंट यायला मोकळा होईल. चांगला माणूस कॉइलची दोन टोकं सुटी करून सिरीज बल्ब किंवा मीटर लावून दाखवतो की गळती इथे आहे. सरकारी परवाना असलेला वायरमन मिळाला तर उत्तम. वायरिंग बदलायचं काम असेल तर परवाना विचारायला लाजू नकोस. नुसता ट्यूबलाइटचा चोक बदलायला मीही विचारत नाही.

आता गॅस, आणि इथे तुझी गल्लत होतेय. 'गॅसवाल्याचा नंबर' असा काही मागायचा नसतो. प्लंबर हा माणूस असतो, गॅस हे कनेक्शन असतं. कुठल्या नावावर, कुठल्या पत्त्यावर, कुठल्या एजन्सीकडे, ह्या तीन गोष्टी ठरल्या की सिलिंडर आणणारा आपोआप ठरतो. ह्या तिन्ही न ठरवता जो फोन केल्यावर तासाभरात सिलिंडर आणून टाकतो, तो दुसऱ्या कुणाच्या नावावरचा सिलिंडर तुला चढ्या भावाने विकत असतो. त्यात किती गॅस आहे हे त्यालाच ठाऊक.

म्हणून काकूंना पहिलं हे विचार की इमारतीत पाइपचा गॅस आला आहे का. पुण्यात तो एमएनजीएलचा, म्हणजे महाराष्ट्र नॅचरल गॅसचा. ओट्याशेजारी भिंतीवर छोटा मीटर दिसतोय का बघ. असेल तर सिलिंडरचा प्रश्नच मिटतो. बिल काकूंच्या नावाने येईल, ते तू भरायचं आणि राहायला आलीस त्या दिवशीच्या मीटर रीडिंगचा फोटो काकूंना पाठवायचा, म्हणजे आधीच्या भाडेकरूचे युनिट तुझ्या गळ्यात पडणार नाहीत. महिना झाला असेल तरी आजचा फोटो काढून ठेव.

मीटर नसेल तर त्या सिलिंडरकडे वळू. तो काकूंच्या कनेक्शनचा असण्याची शक्यता जास्त. बऱ्याच घरमालकांना वाटतं की सिलिंडर ठेवून गेलो म्हणजे भाडेकरूची सोय केली. पण कनेक्शन ज्याच्या नावावर त्यानेच वापरायचं असा नियम आहे, ते दुसऱ्याला वापरायला देता येत नाही. नियम सोड, रोजच्या व्यवहारातच ते कसं अडतं बघ. तू बुकिंग करशील काकूंच्या नोंदवलेल्या मोबाइलवरून, म्हणजे मुळात काकूच करतील. सिलिंडर दारात आला की पोचवणारा एक कोड मागतो. तो कोड डोंबिवलीला काकूंच्या फोनवर. काकू भाजी आणायला गेलेल्या, फोन घरी. सिलिंडर परत गेला. शिवाय गॅस कंपन्यांनी ग्राहकांसाठी अपघाताचा विमा उतरवलेला असतो. त्यात मालमत्तेच्या नुकसानीची भरपाई नोंदणीकृत ग्राहकाच्या नोंदवलेल्या पत्त्यावरच्या घरापुरती असते. उद्या काही झालंच आणि वापरणारी तू, नाव काकूंचं, तर दाव्याच्या वेळी पहिला प्रश्न तोच निघेल.

तेव्हा कनेक्शन तुझ्या नावावर घे. त्यासाठी काकूंकडून दोन गोष्टी हव्यात. एक म्हणजे नोंदणी केलेला लीव्ह अँड लायसन्स करार, कारण पत्त्याचा पुरावा म्हणून तोच दाखवायचा. महाराष्ट्रात हा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, आणि नोंदणी करून घ्यायची जबाबदारी कायद्याने घरमालकाची आहे. अजून झाला नसेल तर गॅसच्या निमित्ताने तोही मार्गी लागेल. दुसरं, त्या पत्त्यावरचं काकूंचं जुनं कनेक्शन त्यांनी डोंबिवलीला हलवावं किंवा परत करावं. एकाच पत्त्यावर आधीचं कनेक्शन दिसलं तर एजन्सी तुझा अर्ज अडवू शकते. त्यांनाही त्यात फायदाच आहे, सिलिंडर-रेग्युलेटर परत केला की कागदावर लिहिलेली अनामत त्यांना परत मिळते. परभणीचं वडिलांच्या नावाचं कनेक्शन आहे तिथेच राहू दे, ते त्या घराचं आहे.

मग आधार आणि करार घेऊन भागातल्या एजन्सीत जा. इंडेन, भारतगॅस आणि एचपी ह्या तिघांपैकी कोणाची गाडी तुमच्या गल्लीत नियमित येते ते शेजाऱ्यांना विचार आणि तीच घे. ब्रँडने पोळी वेगळी फुगत नाही, गाडी वेळेवर येते की नाही एवढाच फरक. १४.२ किलोच्या एका सिलिंडरची अनामत जून २०२२ मध्ये १४५० वरून २२०० रुपये झाली आणि रेग्युलेटरची २५०. ही रक्कम परत मिळते, म्हणून त्याचा जो कागद देतील, ज्याला सबस्क्रिप्शन व्हाउचर म्हणतात, तो कराराच्या फाइलमध्येच ठेव. पुणं सोडताना लोक सिलिंडर परत करतात आणि हा कागद हरवलेला असतो. एजन्सी म्हणेल, शेगडीही आमच्याकडूनच घ्या. ती सक्ती नाही. आयएसआय मार्कची कुठलीही शेगडी चालते.

कनेक्शन मिळेपर्यंत पाच किलोचा छोटा सिलिंडर घे. इंडेनमध्ये त्याला 'छोटू' म्हणतात. एजन्सीत आणि काही पेट्रोल पंपांवर नुसत्या ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. किलोमागे महाग पडतो, पण एकटीला बरेच दिवस पुरतो. विद्यार्थ्यांच्या वस्त्यांत दुकानाच्या मागच्या बाजूला मोठ्या सिलिंडरमधून छोट्यात किलोवर गॅस भरून देतात, त्या वाटेला जाऊ नकोस. ते बेकायदा आहेच, आणि ज्या टाकीत भरतात तिची कधी तपासणी झालेली नसते.

सिलिंडर दारात आला की पैसे द्यायच्या आधी चार मिनिटं घे. मी हे शिकले ते फसून. एकदा सील जरा ढिलं दिसलं, पण माणूस घाईत होता, मीही दुर्लक्ष केलं आणि तो सिलिंडर नेहमीच्या निम्म्या दिवसांत संपला. तेव्हापासून मी काटा मागते. सिलिंडरच्या वरच्या कड्याला आधार देणाऱ्या उभ्या पट्ट्या असतात, त्यांतल्या एकीवर रिकाम्या सिलिंडरचं वजन लिहिलेलं असतं. समज, १५.८. त्यात १४.२ मिळव, म्हणजे काट्यावर ३० किलो दिसलं पाहिजे. पोचवणाऱ्याजवळ काटा असायला हवा आणि वजन करून दाखवायचे वेगळे पैसे नसतात. पट्टीच्या आतल्या बाजूला एक इंग्रजी अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे दिसतील. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी त्यापुढचे तीन महिने. ही टाकीच्या पुढच्या चाचणीची मुदत. ती उलटून गेली असेल तर तो सिलिंडर घ्यायचा नाही, दुसरा मागायचा. मग सील काढून टोपण उघडायला लाव आणि आत काळी रबरी रिंग आहे का बघ. ती नसली किंवा चिरलेली असली की रेग्युलेटर कितीही घट्ट बसवला तरी वास येत राहतो. पावतीवर छापलेल्या रकमेत घरपोच आणण्याचा खर्च धरलेला असतो. वर हक्काने मागितले तर द्यायची गरज नाही. तीन मजले चढून आलेल्या माणसाला मी पाणी आणि वीस रुपये देते, तो माझा प्रश्न.

वास आलाच तर काकूंना फोन सगळ्यात शेवटी. आधी रेग्युलेटर बंद कर, खिडक्या-दारं उघड आणि कुठल्याही बटणाला हात लावू नकोस, चालू करायलाही नाही आणि बंद करायलाही नाही. ठिणगी दोन्ही वेळा पडते. बाहेर जिन्यात जाऊन १९०६ लाव. सिलिंडरच्या गॅस गळतीसाठीचा हा नंबर चोवीस तास चालतो. हा आणि १९१२ आजच फोनमध्ये घाल. ऐन वेळी 'कस्टमर केअर' म्हणून नेटवर शोधू नकोस, तिथे खोटे नंबर टाकून बसलेले लोक असतात. बाकी नंबर बिलावरून किंवा पासबुकावरूनच घ्यायचे. आणि "गॅस कंपनीकडून आलोय, तपासणी सक्तीची आहे" म्हणत कुणी पिशवीतून नळी काढायला लागलं तर दाराची साखळी न काढता एजन्सीला फोन कर. पाच वर्षांतून एकदा तपासणी असते हे खरं, पण ती एजन्सीचा माणूस करतो आणि एजन्सीला त्याचं नाव माहीत असतं.

आता मेसेज. तू टाइप करून पुसतेस, कारण त्यात तक्रार आणि मागणी एकत्र येते. ती वेगळी कर आणि पैशाचं आधीच बोलून टाक, म्हणजे काकूंची धाकधूक जाईल. करारात दुरुस्तीचं कलम असेलच, ते वाचून मग हे पाठव:

"काकू, नमस्कार. घर छान लागलंय. काही गोष्टी एकदाच विचारून ठेवते, म्हणजे नंतर अवेळी त्रास द्यायला नको. आपल्या फ्लॅटचं काम आधी केलेले प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन कोण? त्यांना मी तुमचं नाव सांगून फोन केला तर चालेल ना? पाणी बंद करायचा कॉक कुठे आहे, माहीत आहे का? बाथरूमच्या नळाचा वॉशर मी बदलून घेते. गीझर लावल्यावर लाइट जाते, तो बंद ठेवलाय. माणूस बघून काय म्हणतो ते तुम्हाला कळवते, मग तुम्ही सांगाल तसं करू. पाचशेच्या आतलं किरकोळ काम मी माझं माझं करेन, त्यावरचं तुम्हाला विचारून. एका वीजबिलाचा फोटो पाठवाल का? इमारतीत पाइपचा गॅस आला आहे का? नसेल तर किचनमधला सिलिंडर तुमच्या कनेक्शनचा आहे का? मी माझ्या नावावर घ्यायचं म्हणतेय, त्यासाठी कराराची प्रत लागेल. उद्या संध्याकाळी फोन केला तर चालेल का?"

"तुमचं नाव सांगून" हे शब्द गाळू नकोस. जुन्या गिऱ्हाइकाचं नाव ऐकलं की प्लंबर त्याच आठवड्यात येतो. नवख्या नंबराला "बघतो, येतो" ऐकून पंधरवडा जातो. आणि उत्तरं आली तरी एकदा पडताळून बघ. काकू डोंबिवलीला जाऊन किती वर्षं झाली कोण जाणे. त्यांचा इलेक्ट्रिशियन गावी परतला असेल, नंबर बंद असेल. तसं झालं तर वॉचमनला विचार की गेल्या पावसाळ्यात सोसायटीचं काम कोणी केलं. वॉचमन कमिशनवाला निघाला तर कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात सकाळी नऊच्या सुमारास जा. भागातले प्लंबर तेव्हा सामान घ्यायला तिथेच उभे असतात. दुकानदाराला इमारतीचं नाव सांगितलंस की तो मान वळवून हाक मारेल. तुझ्या मजल्यावर कुणी आजी राहत असतील तर त्यांनाही विचार. कोणाला बोलवायचं हे त्या सांगतीलच, कोणाला बोलवायचं नाही तेही सांगतील, आणि दुसरी यादी जास्त कामाची असते.

प्लंबरबरोबर गच्चीवर जायचं ते अकरानंतर. सकाळी सातला भलताच कॉक फिरवलात, तर अंगाला साबण लावून उभे असलेले चार मजले तुझं नाव विचारत वर येतील.